पिसं कुजत नाहीत कारण ढीग आतून कोरडा असतो

प्रश्न: "कोंबड्यांच्या शेडमधली जुनी गादी, म्हणजे त्यांच्याखालचं अंथरूण, आणि कोंबड्या सोलल्यावर निघणारी पिसं एकत्र ढीग घालून चार महिने झाले. गादी काळी पडली, पण पिसं तशीच्या तशी आहेत. ढीग उकरला की अमोनियानं डोळे झोंबतात. पिसं हलकी आणि सुकी म्हणून भुसा वेगळा घातला नव्हता. काय चुकलं?"

भुसा घातला नव्हता, या वाक्यातच उत्तर आहे. पिसं दिसायला पेंढ्यासारखी असली तरी ती पेंढ्याच्या अगदी उलट्या बाजूची. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ केराटिन हे प्रथिन, सुक्या वजनात सुमारे १४ टक्के नत्र. गादीत विष्ठा असल्यानं तिथंही नत्र भरपूर. म्हणजे तुम्ही नत्रात नत्र मिसळलंत. जीवाणूंना एक भाग नत्राला साधारण २५-३० भाग कर्ब लागतो. गादीत हे प्रमाण ११-१२ च्या आसपास असतं आणि सुक्या पिसांत जेमतेम ३-४. जास्तीचं नत्र पेलवत नाही तेव्हा ते अमोनिया होऊन उडून जातं. तुमचे डोळे झोंबवतंय ते खरं तर तुमचंच खत आहे.

मग पिसं का शाबूत राहिली? केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना घट्ट बांधलेल्या असतात. ते दुवे सोडवू शकणारे जीवाणू आहेत, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस त्यातला ओळखीचा, पण त्यांना ओल आणि ऊब सलग मिळावी लागते. पीस तर पाणी झटकण्यासाठीच घडलेलं. पहिल्या वर्षी मी पिसांचा वीतभर थर देऊन वर गादी टाकली होती. दोन महिन्यांनी फावडं मारलं तर आत नमद्यासारखी चादर निघाली. वरून ओली, खाली हात घातला तर कोरडी ठणठणीत आणि कडेला राखेसारखी पांढरी बुरशी. ती पांढरी राख दिसली की समजायचं, ढीग तापला होता पण पाण्यावाचून थांबला. वरून पाईप धरून काही होत नाही, पाणी त्या चादरीवरून बाजूला ओघळतं.

म्हणून आता पिसांचा थर कधीच देत नाही. पिसं आधी पिंपात रात्रभर भिजवायची, वर दगड ठेवून, नाहीतर तरंगत राहतात. चाऱ्याच्या कुट्टीयंत्रातून काढता आली तर फारच छान, नुसती भिजवली तरी चालतात. मग गादीबरोबर फावड्यानं इतकी कालवायची की पिसांचा पुंजका दिसता कामा नये. भिजवलेलं पाणी ढिगातच वापरा, गटारात किंवा विहिरीच्या बाजूला सोडू नका.

आता हिशेब. समजा १००० किलो गादी आहे, तिच्यात ओल २५ टक्के. तिच्यात १०० किलो ओली पिसं घ्या, ती सुकी धरली तर ४० किलोच भरतील. एवढ्यावर लाकडाचा भुसा किती? माझ्या हिशेबानं हवेत सुकलेला ८०० किलो, आणि तेव्हाही प्रमाण २० पर्यंतच पोचतं. पंचविसावर न्यायचं तर भुसा बराच वाढवावा लागतो, आणि भुश्यातला पुष्कळसा कर्ब जीवाणूंच्या हाती लवकर लागतही नाही. मी विसावर समाधान मानतो, सुरुवातीला थोडा वास सहन करतो. पिसं याहून जास्त असतील तर एकाच ढिगात कोंबू नका, पुढच्या ढिगासाठी पसरून वाळवून ठेवा. गादी मुळातच भरपूर भुश्याची किंवा तुसाची असेल तर भुसा कमी लागेल. चक्क पेंढा वापरलात तर कर्ब लवकर मिळतो, पण वजनानं जास्त घ्यावा लागतो.

बहुतेकांची चूक पाण्यात होते. वरच्या मिश्रणात ओल ५५ टक्क्यांवर आणायला जवळजवळ १४०० लिटर पाणी लागतं. लोक चार बादल्या शिंपडून मोकळे होतात. कालवताना थराथराला पाणी द्या आणि मूठभर घेऊन दाबून बघा. गोळा टिकला, बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला, म्हणजे बरोबर. धार लागली तर जास्त झालं, मग कुबट वास येणार, भुसा वाढवा. मूठ उघडल्यावर भुरभुरून पडलं तर अजून पाणी.

हे सगळं मिळून साडेपाच घनमीटरच्या आसपास भरतं. उंची दीड मीटर, पायाशी रुंदी अडीच, लांबी तीन मीटर. एक घनमीटरपेक्षा लहान ढीग ऊब धरत नाही. वर छप्पर हवं, खाली पाणी न मुरणारी जमीन. बाहेरून बोटभर जुन्या खताचा किंवा भुश्याचा थर दिला की माश्या आणि वास दोन्ही कमी होतात.

लांब दांडीचा थर्मामीटर घ्या, लोखंडी सळी खुपसून हात लावून जंतू मेल्याचा भरवसा धरू नका. उघड्या, पलटी मारायच्या ढिगासाठी मानला जाणारा निकष असा: ५५ अंशांच्या वर १५ दिवस आणि त्या काळात किमान पाच पलट्या. साल्मोनेलासारखे जंतू तेवढ्यात मरतात, पण पलटी मारताना कडेचा माल मध्ये आणला तरच. कडेला तापमान कधीच तेवढं होत नाही. ६५ च्या पुढे गेलं तर पलटी मारून उतरवा, ७० ला कामाचे जीवाणूही मरतात. पलटी मारताना मास्क लावा, सुक्या गादीची धूळ छातीत बसते.

मेलेल्या कोंबड्या याच ढिगात टाकू नका. गादीत मढं राहिलं आणि ती गादी गुरांच्या तोंडी लागली, किंवा चराऊ रानावर पसरली, तर बोट्युलिझमनं गुरं दगावतात. शेडमध्ये अचानक मरतूक लागली असेल तर गादी हलवायचीच नाही, आधी पशुवैद्यकाला कळवायचं. पिसं जाळायलाही जाऊ नका, गंधकाचा धूर गावभर जातो. पिसांची भुकटी करून खाद्यात घालणं हा वेगळा धंदा आहे, त्याला दाबाखाली वाफेनं शिजवणारं यंत्र लागतं. कच्ची पिसं दळून काही उपयोग नाही, पचतच नाहीत.

पिसांचे केस आधी जातात, दांडा महिनोन् महिने राहतो. दांडा वाकवून बघा: लवचिकपणे परत सरळ झाला तर आत केराटिन तसंच आहे, कट्कन तुटला आणि चुरडला तर होत आलं. बाकी तयार झालं का हे कळायला ढीग पलटून ओल नीट असताना चार दिवस बघा, परत तापला नाही आणि अमोनिया नसला तर मूठभर ओलं खत पिशवीत बंद करून आठवडाभर ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला पाहिजे.

तुमचा आत्ताचा ढीग फेकू नका. तो पूर्ण मोडा, चादरी हातानं फाडा, त्याच्या निम्म्या वजनाचा भुसा कालवा आणि मुठीची परीक्षा पास होईपर्यंत पाणी घाला. दोन-तीन दिवसांत तो पुन्हा तापायला हवा. तापला नाही तर ओल आणि ढिगाचा आकार आधी तपासा. शेवटी चाळताना उरलेले दांडे नव्या ढिगात टाका, विरजणासारखे कामी येतात.