क्लायंटच्या मेलमध्ये एखादा इमोजी चालतो का?

प्रश्न: क्लायंटला औपचारिक मेल लिहिताना एक इमोजी टाकला तर चालेल का? कधी टाकावा, कधी टाळावा?

उत्तर: आधी क्लायंटने वापरलाय का ते बघा. त्यांनी ‘डेमो आवडला 🙂’ असं लिहिलं असेल, तर ‘धन्यवाद, टीमला नक्की कळवतो 🙂’ हे उत्तर अगदी शोभतं. पण इथेही इमोजी काढून वाक्य वाचून पाहा. अर्थ तोच राहिला तर ठेवा. वाक्य रुक्ष किंवा टोचणारं वाटलं, तर शब्द बदला.

त्याच धाग्यात दोन दिवसांनी तुम्ही लिहिता, ‘डिलिव्हरी शुक्रवारऐवजी सोमवारी होईल.’ इथे हसरा चेहरा नको. उशीर, बिल, माफी, नकार यांच्या शेजारी तो बेफिकीर दिसतो. शिवाय असा मेल पुढे त्यांच्या साहेबांकडे किंवा अकाउंट्सकडे जातो, आणि त्यांना तुमची आधीची गंमत माहीत नसते. सीसीमध्ये अनोळखी नाव दिसलं तरी मी इमोजी गाळतो. विषयाच्या ओळीत तर कधीच नाही.

👍 बद्दल जास्त सावध राहा. 2023 मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातील न्यायालयाने, मेसेजवर आलेल्या कराराच्या फोटोला पाठवलेला अंगठा म्हणजे कराराला संमती, असं धरलं होतं. दर किंवा अटींना उत्तर देताना ‘मान्य आहे’ किंवा ‘मेल मिळाला, बघून कळवतो’ असं सरळ लिहा.

आणि हो, आउटलुकमध्ये :) टाइप केल्यावर होणारा चेहरा समोरच्याकडे कधीकधी नुसता J दिसतो.