मूल्यव्यवस्थेचा ऱ्हास की विवाहाचा परिणाम? लघुप्रबंधाचा सिद्धांत कोणत्या पल्ल्याचा असावा

आदरणीय मॅडम, स. न. वि. वि.

मी समाजशास्त्रात एम. ए. करत आहे. लघुप्रबंधासाठी मी ‘मूल्यव्यवस्थेचा ऱ्हास आणि वाढती गुन्हेगारी’ हा विषय पार्सन्स यांच्या सिद्धांताच्या आधारे मांडला होता. मार्गदर्शकांनी तो परत केला आणि सांगितले, “हा महासिद्धांत आहे, मध्यम पल्ल्याचा सिद्धांत घे.” मला पुढे पीएच.डी. करून सैद्धांतिक समाजशास्त्र शिकवायचे आहे. समाजाचा समग्र विचार सोडून लहान विषय निवडणे ही माझ्यासाठी माघार ठरणार नाही का? समाजशास्त्रज्ञ मध्यम पल्ल्याच्या सिद्धांतांना इतके महत्त्व का देतात?

— एक विद्यार्थिनी

सप्रेम नमस्कार,

तुमच्या मार्गदर्शकांचा आक्षेप विषय मोठा असण्याला नसावा, असे मला वाटते. त्यांचा प्रश्न बहुधा असा आहे की, क्षेत्रकार्यातून नेमके काय हाती आले तर तुम्ही म्हणाल, ‘माझा सिद्धांत चुकला’? तुमच्या शीर्षकाला हा प्रश्न विचारून पाहा. किशोरवयात गुन्हे केलेला एखादा तरुण विवाहानंतर गुन्हेगारीतून बाहेर पडला, तर कुटुंबसंस्थेने त्याला समाजाच्या समान मूल्यांशी पुन्हा जोडले असे म्हणता येते. तो बाहेर पडला नाही, तर मूल्यव्यवस्थाच क्षीण झाली आहे असे म्हणता येते. परस्परविरुद्ध अशा दोन्ही घटना ज्या विधानात सहज सामावतात, त्या विधानातून यांपैकी कोणती घटना केव्हा घडेल हे कळत नाही. टॅल्कॉट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये समाजव्यवस्थेची जी मांडणी केली, ती अत्यंत सुसंगत आहे. परंतु तिच्या संकल्पना इतक्या वरच्या पातळीवर आहेत, की तिथून एखाद्या प्रश्नावलीपर्यंत किंवा न्यायालयीन नोंदीपर्यंत उतरण्याची वाट सापडत नाही.

रॉबर्ट मर्टन यांची अडचण हीच होती. पार्सन्स हे हार्वर्डमधील त्यांच्या शिक्षकांपैकी एक होते, त्यामुळे महासिद्धांताची ताकद त्यांना जवळून ठाऊक होती. तरीही १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुख्य ग्रंथात त्यांनी असा आग्रह धरला की, रोजच्या संशोधनात उगवणारी कामचलाऊ गृहीतके आणि संपूर्ण समाजाला कवेत घेणारी एकसंध मांडणी, या दोहोंच्या मध्ये सिद्धांताने काम करावे. इथे एक गैरसमज होतो, आणि तुमच्या पत्रातही तो मला दिसतो. मध्यम पल्ला म्हणजे लहान गाव, लहान नमुना किंवा लहान विषय नव्हे. हा पल्ला अमूर्ततेचा आहे. सिद्धांत एका घटनेपुरता न राहता इतर घटनांनाही लागू व्हावा, आणि तरीही निरीक्षणाने तो खोटा ठरू शकेल इतका जमिनीजवळ असावा, एवढीच अपेक्षा आहे.

हे प्रत्यक्षात कसे घडते, यासाठी मी विवाह आणि गुन्हेगारीपासून दूर जाणे यांवरचे संशोधन निवडते, कारण त्यात तुमचे कुटुंब आणि गुन्हा हे दोन्ही धागे आहेत. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या हार्वर्डमधील दांपत्याने बोस्टन परिसरातील, १९२४ ते १९३५ या काळात जन्मलेल्या एक हजार मुलांचा अभ्यास केला होता. त्यांपैकी ५०० मुले सुधारशाळांमध्ये ठेवलेली होती आणि ५०० मुलांची गुन्ह्याची नोंद नव्हती. वय, वांशिक पार्श्वभूमी, बुद्ध्यंक आणि वस्तीचे स्वरूप पाहून एकेका मुलाची दुसऱ्याशी जोडी लावली होती. पुढे साधारण २५ आणि ३२ या वयांत या मुलांचा पुन्हा माग काढला गेला. या अभ्यासाची कागदपत्रे नंतर हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाच्या तळघरात खोक्यांमध्ये पडून राहिली. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी १९८० च्या दशकात ती बाहेर काढली, नव्याने संकेतबद्ध केली आणि १९९३ मध्ये त्यांवर आधारलेला सिद्धांत मांडला.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: माणसाला गुन्ह्यापासून रोखणारे अनौपचारिक बंध वयानुसार बदलतात. बालपणी ते घर आणि शाळा यांच्याशी असतात, प्रौढपणी जोडीदार आणि नोकरी यांच्याशी. त्यामुळे बालपणी बंध दुबळे असलेला माणूसही प्रौढपणी नवे, बळकट बंध जुळल्यास गुन्हेगारीतून बाहेर येऊ शकतो. या विधानाचा एक बारकावा महत्त्वाचा आहे. नुसता विवाह झाला म्हणून परिणाम होईल असे ते म्हणत नाहीत. जोडीदाराविषयीची ओढ आणि नोकरीतील स्थैर्य यांमुळे परिणाम होईल, असे म्हणतात. म्हणजेच विवाह होऊनही ओढ नसलेल्या पुरुषांमध्ये गुन्ह्यांत तेवढीच घट दिसली, तर सिद्धांत अडचणीत येतो. ही अडचणीत येण्याची शक्यता तुमच्या सध्याच्या आराखड्यात नाही.

आता प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण पाहा. मायकेल गॉटफ्रेडसन आणि ट्रॅव्हिस हर्शी यांनी १९९० मध्ये असे मांडले होते की, आत्मसंयमाची पातळी बालपणीच ठरते आणि पुढे माणसामाणसांतला हा फरक बहुतांशी टिकून राहतो. तसे असेल तर विवाहाचा परिणाम हा केवळ भास आहे: संयमी माणसे चांगला विवाहही करतात आणि गुन्हेही कमी करतात. हा निवडीचा प्रश्न सोडवण्यासाठी विवाहित आणि अविवाहित अशा दोन वेगळ्या माणसांची तुलना पुरत नाही. सॅम्पसन, लॉब आणि त्यांचे सहकारी ख्रिस्तोफर विमर यांनी २००६ मध्ये एकाच पुरुषाच्या विवाहित आणि अविवाहित काळांची तुलना केली, आणि विवाहाकडे नेणाऱ्या इतर अनेक घटकांचा हिशेबही सांख्यिकी पद्धतीने त्यात धरला. विवाहित काळात, गुन्हा घडणे आणि न घडणे यांच्या शक्यतांचे गुणोत्तर सरासरीने सुमारे ३५ टक्क्यांनी कमी आढळले. माणूस तोच असल्यामुळे त्याचा स्थिर स्वभाव हे या घटीचे पुरेसे कारण राहत नाही.

वाद इथे मिटला नाही, आणि मला या संशोधनाचे सर्वाधिक मोल वाटते ते याच कारणाने. मार्क वॉर यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील तरुणांच्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे दाखवले की, विवाहानंतर मित्रांसोबत घालवला जाणारा वेळ झपाट्याने कमी होतो, आणि विवाहाचा बराचसा परिणाम त्यातूनच येतो. परिणाम तोच राहिला, पण यंत्रणा बदलली: जोडीदाराविषयीची ओढ की गुन्हे करणाऱ्या मित्रांपासून तुटणे? दोन्ही म्हणण्यांतून वेगवेगळी अपेक्षा निघते. वॉर यांचे म्हणणे बरोबर असेल, तर विवाहानंतरही जुन्या टोळीत रोज बसणाऱ्या पुरुषाचे गुन्हे फारसे कमी होऊ नयेत, मग पत्नीवर त्याचा कितीही जीव असो.

पुढची अडचण कालक्रमाची निघाली. टॉर्ब्योर्न स्कार्डहामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्वेतील शासकीय नोंदींवरून गुन्ह्यांची वर्षवार घट तपासली, तेव्हा ती मुख्यतः विवाहाच्या आधीच्या वर्षांत होत असल्याचे दिसले. कारण परिणामाच्या आधी असायला हवे. म्हणून एकतर सहवासाच्या काळातच बंध जुळू लागतात असे मानून सिद्धांत दुरुस्त करावा लागतो, किंवा बदललेली माणसेच विवाहापर्यंत पोहोचतात हे मान्य करावे लागते. दोहोंतील निवड करण्यासाठी विवाहाच्या तारखेसोबत नाते सुरू झाल्याची तारीखही नोंदवायला हवी. सिद्धांताने संशोधकाला पुढची माहिती नेमकी कोणती गोळा करायची हे सांगितले, ते असे.

मर्यादांचाही प्रश्न आहे. ग्लूक दांपत्याच्या अभ्यासातील सर्व मुले गोऱ्या वर्णाची होती आणि ती महायुद्धानंतरच्या भरभराटीच्या काळात प्रौढ झाली, जेव्हा कमी शिकलेल्या पुरुषालाही स्थिर नोकरी मिळत असे. पेगी जिऑर्डानो आणि सहकाऱ्यांनी ओहायो राज्यात पुढच्या पिढीतील, किशोरवयात गंभीर गुन्हे केलेल्या मुली आणि मुले प्रौढ झाल्यावर त्यांचा अभ्यास केला आणि २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. त्यांत जोडीदाराशी असलेला बंध किंवा नोकरीचे स्थैर्य यांचा गुन्हेगारी सोडण्याशी ठळक संबंध आढळला नाही. स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलणे आणि बदलाची संधी ओळखणे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. याने सॅम्पसन आणि लॉब खोटे ठरत नाहीत. त्यांचा सिद्धांत कोणत्या परिस्थितीत चालतो, याची सीमा मात्र आखली जाते.

महासिद्धांत टाकाऊ आहेत, असा याचा अर्थ मी लावत नाही, आणि तुम्हीही लावू नये. सॅम्पसन आणि लॉब यांनी सामाजिक बंधाची कल्पना हर्शी यांच्या १९६९ च्या मांडणीतून घेतली, आणि तिच्यामागे एमिल दुर्खीम यांचा सामाजिक एकात्मतेचा विचार उभा आहे. मोठे विचार प्रश्न सुचवतात. उत्तर तपासण्यासाठी मात्र मधली पायरी लागते. उलट बाजूचा धोकाही खरा आहे. सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये महासिद्धांताइतकीच कठोर टीका सिद्धांतशून्य आकडेमोडीवर केली होती. विवाहित आणि अविवाहित कैद्यांचे तक्ते करून, यंत्रणेविषयी काहीही न बोलता केलेला लघुप्रबंध तुमच्या मार्गदर्शकांनी परत केला, तर तेही योग्यच ठरेल.

म्हणून आराखडा पुन्हा लिहिताना ‘मूल्यव्यवस्थेचा ऱ्हास’ हा शब्दप्रयोग बाजूला ठेवा आणि त्यातील एकच यंत्रणा उचला. उदाहरणार्थ, तुरुंगातून सुटलेल्या पुरुषांच्या बाबतीत कुटुंबाशी असलेला बंध पुन्हा गुन्हा करण्यापासून रोखतो, तो ओढीमुळे की मित्रांचा वेळ कमी झाल्यामुळे? लघुप्रबंधाच्या मुदतीत अनेक वर्षांचा पाठपुरावा शक्य नाही, त्यामुळे १५ ते २० जणांच्या सविस्तर जीवनकथा घ्या आणि प्रत्येकाचे नाते, नोकरी, मैत्री आणि गुन्हे एकाच कालरेषेवर मांडा. अशा नमुन्यातून टक्केवारी काढू नका. घटनांचा क्रम पाहा. मागे वळून सांगणारा माणूस आपली कथा विवाहापाशी सुरेख वळवतो, म्हणून जिथे परवानगी मिळेल तिथे तारखा नोंदींशी पडताळा. मार्गदर्शकांकडे जाण्याआधी एक परिच्छेद मात्र आवर्जून लिहा: कोणता क्रम दिसल्यास ओढीचे स्पष्टीकरण सोडाल आणि कोणता दिसल्यास मित्रांचे. सैद्धांतिक समाजशास्त्र शिकवू इच्छिणाऱ्या उमेदवाराच्या पीएच.डी. मुलाखतीतही या परिच्छेदावर बोलण्यासारखे बरेच काही असेल.