लिटरेचर रिव्ह्यूचा तक्ता उभा वाचा

प्रश्न: पुणे विद्यापीठात पीएच.डी. करतेय. विषय पुणे जिल्ह्यातले महिला बचत गट आणि सक्षमीकरण. दुसऱ्या प्रकरणात बरेच पेपर घेतलेत आणि परदेशी, भारतीय, महाराष्ट्रातले असे तीन भाग केलेत. गाइड म्हणतात, ‘ही यादी झाली, आढावा कुठे आहे?’ थीमनुसार लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

उत्तर:

सगळ्यात आधी ती परदेशी-भारतीय-महाराष्ट्र विभागणी काढून टाका. शोधगंगेवरच्या कितीतरी प्रबंधांत ती दिसते, म्हणून ती रीतच वाटते. पण तिच्यातून फक्त अभ्यास कुठे झाला एवढंच कळतं. बांगलादेशातला आणि आंध्रातला पेपर एकाच प्रश्नावर भांडत असतील, तर तुमच्या प्रकरणात त्यांच्यामध्ये वीस पानं येतात आणि ते भांडण वाचकाला दिसतच नाही.

आता तीन भागांऐवजी ‘आर्थिक सक्षमीकरण’, ‘सामाजिक सक्षमीकरण’, ‘राजकीय सक्षमीकरण’ अशी शीर्षकं देऊन चालेल का? नाही. यादी तशीच राहते, फक्त छोट्या तुकड्यांत. थीम म्हणजे ज्याच्याशी कुणी असहमत होऊ शकेल असं पूर्ण वाक्य. ‘आर्थिक सक्षमीकरण’ याला कुणी काय हरकत घेणार? पण ‘कर्ज बाईच्या नावावर असणं आणि ते तिच्या ताब्यात असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत’ म्हटलं, की पुरावा मागता येतो, आणि तो देण्यासाठीच पेपर येतात.

ही वाक्यं सापडतात कशी, ते तुमच्याच विषयावर दाखवते.

१९९६ साली एकाच नियतकालिकात, एकाच देशातल्या कर्ज योजनांवर दोन पेपर आले. गोएत्झ आणि सेनगुप्ता यांनी बांगलादेशात महिलांच्या नावावरची कर्जं प्रत्यक्ष कोण वापरतं ते पाहिलं. सुमारे ६३ टक्के कर्जांवर त्या बाईचं नियंत्रण अर्धवट, अगदी थोडं किंवा मुळीच नव्हतं. हाशेमी, शुलर आणि रायली यांनी तिथल्याच ग्रामीण बँक व ब्रॅक या संस्थांच्या कर्जदार महिलांचा अभ्यास केला आणि त्यांना सक्षमीकरण वाढलेलं दिसलं. यादीवजा आढाव्यात हे दोन परिच्छेद होतात, मधे ‘याउलट’ येतं, आणि लेखक पुढे निघून जातो. तिथे थांबायला हवं. उत्तरं उलट का आली, हे शोधणं हेच या प्रकरणाचं खरं काम.

त्यासाठी तक्ता करा. एक ओळ एका पेपरची. रकाने मात्र ‘उद्देश, पद्धती, निष्कर्ष’ असे ठरावीक नकोत, कारण त्यातून परत सारांशच निघतात. मी हे चार घेईन: सक्षमीकरण कशानं मोजलं, कर्ज कोणत्या रचनेतून आलं, तुलना कुणाशी केली, आणि उत्तर काय आलं. भरताना आडवं भरा, पण वाचताना एकेक रकाना वरून खाली वाचा.

पहिला रकाना वाचल्याबरोबर त्या दोन पेपरांचा उलगडा होतो. गोएत्झ आणि सेनगुप्ता कर्जाच्या पैशावरचा ताबा मोजत होते. हाशेमी आणि सहकारी आठ निर्देशक मोजत होते: एकटीनं बाहेर जाणं, छोटी-मोठी खरेदी, घरातल्या मोठ्या निर्णयांत सहभाग, कायद्याची माहिती वगैरे. एक पेपर कर्ज कुठे जातं ते पाहतो, दुसरा कर्जानंतर बाईचं आयुष्य कसं आहे ते पाहतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. पुढे २००१ मध्ये नायला कबीर यांनी नेमका या परस्परविरोधी निष्कर्षांचाच पुनर्विचार केला. म्हणून त्यांचा पेपर यादीतली आणखी एक नोंद नाही, तो या थीमचा कणा आहे.

दुसरा रकाना भारतात आणतो. होल्वूट (२००५) यांना तमिळनाडूत दिसलं, की महिलेला बँकेकडून थेट मिळालेल्या कर्जानं घरातले निर्णय फारसे हलत नाहीत; गटामार्फत, बैठका आणि प्रशिक्षणासह मिळालं की हलतात. गरिकिपती (२००८) यांच्या आंध्रातल्या अभ्यासात कर्ज गटाचंच होतं. त्यानं कुटुंबाचा आधार वाढला, पण बाईची स्वतःची स्थिती फारशी सुधारली नाही, कारण पैसा नवऱ्याच्या ताब्यातल्या मालमत्तेत गेला. म्हणजे ‘गट असला की पुरे’ हे विधानही टिकत नाही. हा पेपर पहिल्या थीममध्येही येईल आणि दुसरीतही. येऊ द्या. एक पेपर एकाच जागी, हा नियम यादीचा आहे.

तिसऱ्या रकान्याला मी सगळ्यात जास्त वेळ देईन. गटात येणाऱ्या बायका मुळातच धडाडीच्या असतील, तर त्यांची तुलना गटाबाहेरच्यांशी करून काय सिद्ध होतं? हैदराबादमध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी (२०१५) १०४ वस्त्यांपैकी निम्म्या वस्त्या यादृच्छिक पद्धतीनं निवडून तिथे आधी सूक्ष्मकर्ज उपलब्ध केलं. महिलांच्या निर्णयक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. हा निष्कर्ष तसाच उचलून बचत गटांवर लावू नका. ते एका सूक्ष्मवित्त संस्थेचं कर्ज होतं. नाबार्डच्या १९९२ पासूनच्या बँक जोडणीतले, माविम किंवा उमेदचे गट आधी स्वतःची बचत करतात आणि त्यातून आपसांत कर्ज देतात. ही मर्यादा तुम्ही स्वतःच्या शब्दांत मांडलीत, की तुमचा आवाज प्रकरणात आपोआप येतो.

मग परिच्छेद साधारण असा होतो:

“कर्जाची उपलब्धता आणि कर्जावरील नियंत्रण यांत अंतर असल्याचे बांगलादेश (गोएत्झ व सेनगुप्ता, १९९६) आणि आंध्र प्रदेश (गरिकिपती, २००८) या दोन्ही ठिकाणच्या अभ्यासांतून दिसते. नियंत्रणाऐवजी संचार, खरेदी आणि निर्णयसहभाग मोजणाऱ्या हाशेमी व सहकाऱ्यांना (१९९६) मात्र सकारात्मक बदल आढळतो. त्यामुळे हा विरोध मुख्यतः मोजमापाचा आहे, असे प्रस्तुत अभ्यास मानतो.”

परिच्छेद विधानानं सुरू होतो, नावं कंसात मागे राहतात, आणि शेवटचं वाक्य तुमचं आहे. ‘यांनी असे म्हटले आहे’ या शेपटाची गरजच पडत नाही.

लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळ्या कागदावर उतरवा आणि सलग वाचा. युक्तिवाद पुढे सरकत असेल तर रचना झाली. दोन परिच्छेदांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल, तर तिथे अजून यादी आहे. कालक्रम मात्र पूर्ण टाकू नका. कबीर यांचा पेपर १९९६ च्या पेपरांनंतरच कळतो, तिथे तो लागतोच.

सुरुवात सगळ्या पेपरांनी करू नका. ज्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत असे दहा-बारा निवडा आणि रकाने त्यांच्यावर पक्के करा. बाकीचे नंतर भरा. बरेचसे एखाद्या वाक्याच्या आधारापुरते कंसात जातील, काही गळतील. गळू द्या.

राहिली रिसर्च गॅप. ‘हवेली तालुक्यात असा अभ्यास झालेला नाही’ ही पोकळी कमिटीसमोर टिकत नाही, कारण तिथे उत्तर वेगळं का यावं हे त्यात नाही. तक्त्यात पाचवा रकाना घाला: गटाच्या स्वतःच्या बचतीतून दिलेलं अंतर्गत कर्ज आणि बँकेकडून आलेलं कर्ज पेपरनं वेगळं धरलंय का? एकाच बाईचं या दोन पैशांवरचं नियंत्रण वेगळं असू शकतं. आधी शोध घ्या, कुणी हे पाहिलं असेल तर त्याच्यापासून पुढे जा. आणि तो रकाना खरंच रिकामा राहिला, तर पुणे जिल्ह्यातल्या गटांची कर्जवही बघताना काय विचारायचं ते तुमच्या हातात आलेलं असेल.