आर्द्रता 60 वरून 100 टक्के झाली, म्हणजे हवेतलं पाणी वाढलं किती?

प्रश्न: "कूलिंग टॉवरच्या गणितात आत येणारी हवा 60 टक्के आर्द्रतेची आणि बाहेर जाणारी 100 टक्के दिलीये. मग आर्द्रता 40 टक्क्यांनी वाढली असं म्हणायचं का? आणि त्यावरून पाणी किती उडालं ते कसं काढायचं? पुस्तकात विशिष्ट आर्द्रता असा अजून एक शब्द आहे, तो वेगळा काय?"

नाही, तसं म्हणता येत नाही. 60 आणि 100 हे दोन्ही आकडे सापेक्ष आर्द्रतेचे आहेत आणि सापेक्ष म्हणजे त्या त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते त्याच्या तुलनेत. टॉवरमधून जाताना हवेचं तापमान बदलतं, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तेच बदललं, मग दोन टक्केवाऱ्यांची वजाबाकी करून हाती काहीच लागत नाही. पाण्याचा हिशोब विशिष्ट आर्द्रतेनं करायचा, म्हणजे 1 किलो कोरड्या हवेमागे किती ग्रॅम वाफ.

इथे "कोरड्या" हा शब्द फार महत्त्वाचा आहे. हवामानशास्त्रात विशिष्ट आर्द्रता म्हणजे 1 किलो दमट हवेतली वाफ, आणि आपल्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत त्याच शब्दाचा अर्थ 1 किलो कोरड्या हवेमागची वाफ असा असतो, त्यामुळे मुलं गोंधळतात. टॉवरला कोरडीच हवा धरायची कारण ती जेवढी आत गेली तेवढीच बाहेर येते, दमट हवेचं वजन मात्र वाटेत वाफ मिसळत जाते म्हणून वाढत जातं. मला स्वतःला "आर्द्रता गुणोत्तर" हा शब्द जास्त आवडतो, त्यात घोटाळा होत नाही.

आता एक गणित पूर्ण करून बघू. मुंबईसारखी समुद्रसपाटीची जागा घ्या, हवा 30 अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता 60 टक्के. टॉवरमधे सेकंदाला 100 किलो पाणी 40 अंशाचं येतं आणि 30 अंशाचं होऊन खाली जातं, कोरडी हवाही सेकंदाला 100 किलोच. 30 अंशाला संपृक्त वाफेचा दाब टेबलात 4.246 किलोपास्कल आहे, त्याचे 60 टक्के म्हणजे 2.55. मग ही दोन सूत्रं, त्यात pv म्हणजे हा वाफेचा दाब, P म्हणजे हवेचा एकूण दाब, समुद्रसपाटीला 101.325 किलोपास्कल, आणि t म्हणजे तापमान:

```
w = 0.622 pv / (P - pv)
h = 1.006 t + w (2501 + 1.86 t)
```

पहिल्यानं आर्द्रता गुणोत्तर येतं 0.0160, म्हणजे किलोमागे 16 ग्रॅम, आणि दुसऱ्यानं एन्थाल्पी येते किलोमागे 71.2 किलोज्यूल.

ऊर्जेचा ताळा असा: पाण्यानं जेवढी उष्णता सोडली तेवढी हवेनं घेतली. टॉवरच्या भिंतीतून जाणारी उष्णता आणि पंख्याची ऊर्जा इथे सोडून देतो, ती किरकोळ असते. 100 किलो पाणी 10 अंशांनी थंड झालं म्हणजे सेकंदाला 4180 किलोज्यूल, 100 किलो हवेत वाटले तर किलोमागे 41.8. म्हणजे बाहेर जाणारी हवा 71.2 अधिक 41.8, साधारण 113 किलोज्यूलची.

पण इथे एक अडचण येते, एन्थाल्पी कळली तरी हवेची अवस्था कळत नाही. 113 किलोज्यूलची हवा गरम आणि कोरडी असू शकते किंवा त्यामानाने थंड आणि दमट, म्हणून अजून एक गोष्ट माहीत असावी लागते आणि ती म्हणजे बाहेर जाणारी हवा संपृक्त असते हे गृहीतक. चांगल्या चालणाऱ्या टॉवरला ते जवळपास खरं असतं. मग तापमान धरून धरून बघायचं: 32 अंशाची संपृक्त हवा 110.7 ची, 33 अंशाची 116.5 ची, म्हणजे आपली हवा 32.4 अंशाची आणि किलोमागे वाफ 31.4 ग्रॅम. वाफ वाढली किलोमागे 15.4 ग्रॅम, 100 किलो हवेला साधारण 1.54 किलो.

आता एक सुधारणा करायची राहिली. हे दीड किलो पाणी खाली गेलंच नाही, ते हवेबरोबर वर गेलं, त्यामुळे त्याच्यात 30 अंशापर्यंतची जी उष्णता होती (किलोला 125.7 किलोज्यूल) तीसुद्धा हवेच्या खात्यात जाते. ती मिळवून परत तापमान शोधलं की हवा येते 115 किलोज्यूलची, 32.7 अंशाची, वाफ 32 ग्रॅम, आणि उडालेलं पाणी सेकंदाला 1.6 किलो. अजून एक फेरी केली तरी आकडा हलत नाही. तासाला साधारण 5.8 टन पाणी झालं.

आता तुमच्या प्रश्नाकडे बघा. सापेक्ष आर्द्रता 60 ची 100 झाली पण हवेतलं पाणी 16 चं 32 ग्रॅम, म्हणजे दुप्पट झालं! आणि हवा तापली फक्त पावणेतीन अंश. हवेनं एकूण जी उष्णता घेतली त्यातली जेमतेम 6 टक्के कोरड्या हवेचं तापमान वाढवण्यात गेली, बाकी जवळपास सगळी वाफेच्या सुप्त उष्णतेत आहे. म्हणून टॉवरवरची हवा हाताला फारशी गरम लागत नाही आणि तरी पाणी 10 अंशांनी थंड झालेलं असतं.

प्लांटमधे उडणाऱ्या पाण्यासाठी एक अंदाजी सूत्र वापरतात, 0.00085 × 1.8 × पाण्याचा प्रवाह × तापमानातली घट, ते इथे 1.53 देतं. आपल्या उत्तराच्या जवळ आहे, पण त्यात बाहेरची हवा कुठेच नाही हे लक्षात ठेवा. समजा विदर्भातल्या मे महिन्यासारखी हवा आहे, 42 अंश आणि 20 टक्के, आणि बाकी सगळं तेच, दाबही तोच धरला. तर हवा बाहेर पडते 32.4 अंशाला, म्हणजे टॉवरमधून हवा जवळपास 10 अंशांनी थंड होऊन जाते आणि पाणी उडतं सेकंदाला 2.1 किलो. पाणी तेवढंच थंड झालं, पण उडालं तिसऱ्या हिश्श्यानं जास्त, कारण आता वाफ करायला पाण्यासोबत हवेनंही स्वतःची उष्णता दिली. अंदाजी सूत्र तिथेही 1.53 च सांगत बसतं, उन्हाळ्यात मेकअप पाणी, म्हणजे कमी झालेल्याच्या जागी भरायचं पाणी, कमी का पडतं त्याचं एक कारण हे आहे.

संपृक्ततेचं गृहीतक तपासायचं तर टॉवरच्या तोंडाशी ड्राय बल्ब आणि वेट बल्ब दोन्ही मोजा, दोघांत फरक नसेल तर हवा संपृक्त. फक्त ड्राय बल्बवर पाण्याचे बारीक थेंब बसू देऊ नका, त्याला आडोसा करा, नाहीतर तोही वेट बल्बसारखाच वागतो आणि हवा कोरडी असली तरी संपृक्त दिसते. हे उडून जाणारे थेंब म्हणजे ड्रिफ्ट, ते बाष्पीभवनात धरायचं नाही कारण त्यात वाफ झालेलीच नसते. तसंच मेकअपच्या मीटरचा आकडा थेट उडालेलं पाणी म्हणून घेऊ नका, त्यात ब्लोडाउन, म्हणजे क्षार साठू नयेत म्हणून मुद्दाम सोडून दिलेलं पाणी, आणि ड्रिफ्ट दोन्ही असतात, ते वजा केल्यावर जे उरेल त्याची 1.6 शी तुलना करा.