ब्लाऊज कटिंगच्या लाईव्ह क्लासची फी आणि रिफंड

"चॅनेलवरच्या बायका म्हणायल्यात पैसे घ्या पण लाईव्ह शिकवा. फी किती ठेवू, आणि कुणी पैसे परत मागितले तर?"

फी कमी ठेवून गर्दी गोळा करू नका ताई. मी लातूरला घरूनच शिकवते. पहिल्या वेळी दीर म्हणाले, वहिनी १९९ ठेवा, शंभर बायका येतील. आल्या ६४. विषय कटोरी ब्लाऊजचा. पेपर कटिंगपर्यंत सगळं नीट झालं, पण कटोरी जोडली की कुणाला झोळ यायला लागला, कुणाचं टोक निघायलं, आणि चूक मापात आहे का शिलाईत हे कापड कॅमेऱ्याजवळ धरल्याशिवाय कळतच नाही. एकीला पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे ६४ जणींना सहा तास, आणि माझ्याकडं होते दोन. त्यात साडेतीनला लाईट गेली, वायफाय बंद, मोबाईलच्या डेट्यावर परत येईस्तोवर निम्म्या निघून गेल्या.

रात्री अकरा जणींनी पैसे परत मागितले. दीर म्हणाले, क्लास तर झाला ना, द्यायचे नाहीत. मी म्हणलं, त्यांचं कापड बघितलंच नाही तर कशाचा क्लास? दिले. पण कुणाला पाठवायचे हेच कळंना! पैसे माझ्या साध्या क्यूआरवर आलेले, बाईचं नाव एक आणि पैसे नवऱ्याच्या मोबाईलवरून, एक स्क्रीनशॉट तर बँकेत आलेल्या कुठल्याच पैशाशी जुळंना. तेव्हापासून पेमेंट गेटवेचं पेज आहे, त्यात नाव-नंबर भरल्याशिवाय बुकिंगच होत नाही आणि रिफंड आला त्याच रस्त्यानं परत जातो. गेटवेवाले शेकडा दोनेक रुपये घेतात, रिफंड केला तरी सहसा ते परत मिळत नाहीत, ते मी माझ्या अंगावर घेते.

आता बारा जणी, दोन तास, ४९९ रुपये. हिशोब असा केला की क्लास, आधीचे मेसेज आणि दुसऱ्या दिवशी फोटो तपासणं धरून माझे पाच तास जातात, तेवढ्या वेळात मी जेवढे अस्तरचे ब्लाऊज शिवले असते त्याच्या खाली मिळकत जायला नको. तुमची शिलाई तुम्ही धरा, माझा आकडा उचलू नका. एकटीला शिकवायचं तर ४५ मिनिटांचे ५००, पण बिघडलेला ब्लाऊज अंगावर घालून समोरून, पाठीमागून, बाजूनं असे तीन फोटो आणि मापं आदल्या दिवशी पाहिजेत, नाहीतर अर्धा वेळ विचारण्यातच जातो.

रिफंडचं पैसे भरायच्या पेजवरच लिहा: दोन दिवस आधी सांगितलं तर पूर्ण पैसे, नंतर सांगितलं तर पुढची बॅच, माझ्याकडून क्लास बिघडला तर न मागता पूर्ण. आणि हो, नुसतं ऐकायचं असेल, म्हणजे कापड कुठलं घ्यावं, मशीन कुठली, तर शंभर बायका चालतात, फक्त झूमच्या फुकटच्या खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत बंद होते.

त्या अकरापैकी तिघी नंतर ४९९ भरून परत आल्या. दिरांना मी त्यांची नावं वाचून दाखवली.