ब्राउन-क्लार्क २००६ : संदर्भाचे नाव बदलून भागेल का?

प्रश्न : «स्वयंपाकाची कामे करणाऱ्या १४ बायकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. मुलाखतींतून समान सूत्रे, म्हणजे थीम, शोधण्याची थीमॅटिक ॲनालिसिस ही पद्धत मी एका पाठ्यपुस्तकातून शिकले आणि संदर्भही त्याचाच दिला. मुलाखतींच्या तुकड्यांना अर्थाची नावे देण्याचे काम, म्हणजे कोडिंग, मैत्रिणीकडूनही वेगळे करून घेतले; दोघींचे कोडिंग किती जुळते ते सांगणारा ‘कप्पा’ हा आकडा ०.८१ आला. सर म्हणतात, मूळ स्रोत द्या. मग पाठ्यपुस्तकाच्या जागी ब्राउन आणि क्लार्क २००६ लिहिले तर चालेल ना?»

नाही, आणि ‘सरांनी सांगितले म्हणून’ ते तसे लिहू नका, कारण नुसते नाव बदलल्याने तुमच्या प्रबंधातल्या पद्धतीच्या प्रकरणात एक चुकीचे विधान तयार होईल. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांचा २००६चा लेख जेमतेम पंचवीस पानांचा आहे. कलिन्याच्या ग्रंथालयात एक दुपार बसलात तरी वाचून होईल. त्यात सहा टप्पे आहेत, पण दोन व्यक्तींनी कोडिंग करून कप्पा काढावा, अशी अट कुठेही नाही. पुढच्या लेखनात तर त्यांनी आपल्या पद्धतीसाठी हा निकष स्पष्टपणे नाकारला आहे. त्यांच्या मते कोडिंग हे संशोधकाने लावलेले अर्थ असतात. दोघींचे जुळले म्हणजे दोघींना एकसारखे पाहण्याची सवय लागली, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मग तुमचा कप्पा आला कुठून? बहुधा पाठ्यपुस्तकाने दोन वेगळ्या परंपरा एकाच प्रकरणात शेजारी ठेवल्या असतील. कोडिंगची विश्वासार्हता तपासण्याचा आग्रह बोयात्झिस यांच्या १९९८च्या पुस्तकात आहे. त्यांच्याकडे प्रत्येक कोडला नाव, व्याख्या, तो कसा ओळखायचा याच्या खुणा, काय वगळायचे ते आणि उदाहरणे असावी लागतात. अशी कोडांची यादी आधी तयार करून तुम्ही मैत्रिणीला दिली असेल, तर तुमचे काम बोयात्झिस यांच्या वाटेचे आहे. त्यांचे पुस्तक वाचा, त्यांचा संदर्भ द्या आणि कप्पा ठेवा. यादी नसताना तुम्ही मुलाखती वाचत कोड सुचतील तसे लिहीत गेला असाल आणि केवळ ‘परीक्षकांना हवे असते’ म्हणून शेवटी मैत्रिणीला बसवले असेल, तर कप्पा काढून टाका आणि ब्राउन-क्लार्क यांच्या मार्गाने लिहा. निवड तुम्ही प्रत्यक्ष केलेल्या कामावरून करायची आहे; कोणते नाव अधिक वजनदार वाटते, यावरून नव्हे.

दुसरा मार्ग घेतलात तर मूळ लेख जे मागतो आणि सारांश हमखास गाळतात, तेही द्यावे लागेल : थीम माहितीतून वर जात शोधल्या की आधीच्या सिद्धांताच्या आधारे, शब्दांच्या वरवरच्या अर्थावर थांबलात की त्यामागची गृहीतके शोधलीत, आणि ज्ञानाविषयी तुमची भूमिका कोणती. एक बाई म्हणाली, ‘मॅडम चांगल्या आहेत, चहा वेगळ्या कपात देतात पण देतात.’ ‘मालकिणीशी चांगले संबंध’ असा कोड लावलात तर तुम्ही वरच्या अर्थावर आहात. ‘विटाळ सांभाळून दाखवलेली माया’ असा लावलात तर आतल्या. दोन्ही चालतात, पण कोणते केले ते सांगावे लागते. ‘सहा टप्पे पाळले’ या वाक्यातून ते कळत नाही.

‘थीम उदयास आल्या’ हे वाक्यही तपासा. थीम माहितीत आधीपासून पडून असतात असे सुचवणाऱ्या या भाषेवर त्याच लेखात टीका आहे, आणि तिथेच थीम असल्याच तर आपल्या डोक्यात असतात, अशा आशयाचे एक प्रसिद्ध विधान येते. ते पुष्कळ प्रबंधांत ब्राउन-क्लार्क यांच्या नावावर खपते, पण ते मुळात इली आणि सहकाऱ्यांच्या १९९७च्या पुस्तकातले आहे. लेखात ते उद्धृत केले आहे. मूळ पान उघडलेल्याला हे लगेच दिसते. ज्या प्रबंधात ते चुकीच्या नावावर असते, तो लिहिणाऱ्याने ब्राउन-क्लार्क यांचा लेख उघडलाच नसावा, अशी शंका मला लगेच येते.

माहितीतूनच सिद्धांत उभा करण्याच्या ग्राउंडेड थिअरी या पद्धतीत हीच चूक अधिक ठळक दिसते : ‘ग्लेझर आणि स्ट्रॉस (१९६७) यांच्यानुसार ॲक्सियल कोडिंग केले.’ ॲक्सियल कोडिंग म्हणजे कोडांचे एकमेकांशी संबंध जोडणे, आणि १९६७च्या पुस्तकात ते नाही. ते स्ट्रॉस यांच्या नंतरच्या लेखनातले आहे आणि १९९०मध्ये स्ट्रॉस व कॉर्बिन यांच्या पुस्तकातून रूढ झाले. १९९२मध्ये ग्लेझर यांनी त्या पुस्तकावर स्वतंत्र पुस्तक लिहून कडाडून टीका केली, माहितीवर साचा लादला जातो हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. त्यामुळे तिथे संदर्भातले साल चुकणे म्हणजे वादातली बाजूच चुकणे.

मूळ पुस्तक खरोखरच मिळाले नाही, तर जे वाचले त्याचेच नाव संदर्भसूचीत द्या आणि मजकुरात ‘बोयात्झिस १९९८, अमुक यांच्यात उद्धृत’ असे लिहा. पद्धतीचे प्रकरण ज्यावर उभे आहे, त्या एका स्रोतासाठी मात्र ही सवलत वापरू नका. तुमच्या बाबतीत तो बोयात्झिस किंवा ब्राउन-क्लार्क यांपैकी एकच आहे. तुमच्या कोडांची पहिली वही काढा, यादी आधी होती की नंतर झाली ते तारखांवरून पाहा, मग सरांकडे जा.