पाच वेळा चुकलेली सात तारीख

प्रश्न: सोलापुरात खासगी नोकरी, हातात ३४ हजार. बायको घरी असते, मुलगी ६ वर्षांची, मुलगा २ वर्षांचा. अडीअडचणीसाठी कुणी तीन महिन्यांचा पगार बाजूला ठेव म्हणतं, कुणी वर्षाचा. नक्की किती ठेवू?

उत्तर:

सहा महिन्यांचा घरखर्च, आणि दवाखान्यासाठी वेगळे पन्नासेक हजार. पगार मोजू नका, खर्च मोजा. सहाच का, ते माझ्यावर गुजरलेल्या गोष्टीवरून सांगतो.

सोलापूरकराला टाकीचा हिशेब शिकवायला नको. नळाला पाणी एरवी किती दिवसांनी येतं यावर आपण टाकी घेत नाही. कधीतरी पाइपलाइन फुटते आणि आठवडा कोरडा जातो, तो आठवडा धरून घेतो. इथंही तेच. नोकरी साधारण किती दिवसांत मिळते हा प्रश्नच नाही. एका पगारापासून पुढच्या पगारापर्यंत जास्तीत जास्त किती अंतर पडू शकतं, ते बघायचं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघायचो. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ऑर्डरी थांबल्या आणि २० तारखेला कारखान्याला कुलूप लागलं. ७ सप्टेंबरला मिळायचा ऑगस्टचा पगार तेव्हाच अडकलेला होता. दुसरीकडे विचारायला गेलो तर शेजारच्या युनिटांतही तीच रड. आपल्या गावात हीच खरी अडचण आहे: धंदा बसतो तेव्हा सगळ्यांचा एकदम बसतो. मेहुणा त्याच लाईनीत, मित्र त्याच लाईनीत, मग उसने कुणाकडे मागायचे? त्यात दिवाळीच्या तोंडावर बोनस द्यावा लागेल म्हणून कुणी नवा माणूस घेत नाही. शेवटी ६ जानेवारीला चिंचोळी एमआयडीसीत रुजू झालो आणि पहिला पगार ७ फेब्रुवारीला हातात पडला.

म्हणजे बिनकामाचा होतो साडेतीन महिने, पण सात तारीख चुकली पाच वेळा. आधी अडकलेला पगार आणि नव्या जागी पहिला पगार मिळेपर्यंतचा महिना, हे दोन्ही लोक धरतच नाहीत. म्हणून तीन महिन्यांचा आकडा मला पटत नाही. पीएफ आहे की, असं मीही म्हणत होतो. माझ्या नावाचं स्पेलिंग आधारवर वेगळं, पीएफच्या नोंदीत वेगळं. ते दुरुस्त होऊन पैसे येईपर्यंत नवी नोकरी लागलीसुद्धा. तुमचं नाव जुळतं का ते आजच बघा, पण ती रक्कम या हिशेबात धरू नका.

सहावा महिना कशासाठी, तर लगेच पुढच्या मार्चात लॉकडाऊन लागला. रिकामी झालेली टाकी भरायला मला सात आठवडेही मिळाले नव्हते.

आता खर्च मोजायची रीत. माझ्या वहीतले सध्याचे आकडे देतो, तुम्ही तुमचे घाला. घरभाडं ६,५००, किराणा, दूध, भाजी, गॅस १०,५००, वीज आणि मोबाइल १,८००, शाळेची रिक्षा ७००, गाडीचा हप्ता २,३००, गावी आईवडिलांना ३,०००, किरकोळ औषधपाणी १,२००. झाले २६,०००. हॉटेल, कपडे, भिशी यात धरलेली नाही, कारण पगार थांबला की ती आपोआप थांबतात. (भिशी मात्र उचलून झाली असेल तर ती थांबत नाही, तो हप्ताच समजा.) पण वर्षातून एकदाच येणारे खर्च लोक हमखास विसरतात. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, विम्याचे हप्ते असे माझे वर्षाला ४८,००० जातात, म्हणजे महिन्याला ४,०००. मग खरा आकडा ३०,०००. सहा महिन्यांचे १,८०,००० आणि दवाखान्याचे ५०,००० धरून २,३०,०००.

दवाखान्याचे वेगळे का? त्याच नोव्हेंबरात आमच्या धाकट्याला न्यूमोनिया झाला. आठ महिन्यांचं पोर, पाच दिवस ॲडमिट, बिल ४१,०००. मेडिक्लेम होता, पण कारखान्याच्या ग्रुप पॉलिसीतला. नोकरी गेली तसा तोही गेला. पगार २१,००० च्या वर असल्यामुळे ईएसआयसीतही मी नव्हतो. लहान मुलांच्या घरात हे दोन फटके एकाच वेळी बसू शकतात, कारण विमा आणि पगार एकाच दोरीला बांधलेले असतात. कंपनीचा विमा असला तरी घरची वेगळी पॉलिसी घ्या. पण नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसरं आजारपण चालत नाही, म्हणून नोकरी जाण्याची वाट बघत बसू नका. पॉलिसी असली तरी ॲडमिट करताना डिपॉझिट भरावं लागू शकतं, औषधं बाहेरून आणावी लागतात. पन्नास हजार त्यासाठी.

रक्कम जमली तरी एक गोष्ट राहतेच. एकट्या कमावत्याच्या घरात अडचण म्हणजे कधीकधी तो कमावता स्वतःच असतो. माझ्या एका सहकाऱ्याला होटगी रोडला अपघात झाला. दोन लाखांची एफडी होती, पण एकट्याच्या नावावर. फोन लॉक, पिन कुणाला माहीत नाही. वहिनींनी पहिले चार दिवस भावाच्या पैशावर काढले. म्हणून दवाखान्याचे पन्नास आणि एका महिन्याचे तीस असे ८०,००० दोघांच्या बचत खात्यात ठेवा, 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' लिहून, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्याने पैसे काढता येतात, आणि एटीएम कार्ड बायकोच्या नावाचं वेगळं घ्या. बाकीच्याच्या २५-२५ हजारांच्या एफडी करा, म्हणजे गरजेला एकच मोडता येते. पण 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असलं तरी मुदतीआधी मोडताना बँक दोघांची सही मागू शकते. तुम्ही आयसीयूत असाल तर ती कुठून आणणार? म्हणून निम्म्या एफडी एकट्या बायकोच्या नावावर ठेवा. टॅक्ससाठी व्याज तुमच्या उत्पन्नात धरलं जाईल, पण या रकमेवर ते फार नाही.

पतसंस्था एक-दोन टक्के जास्त देते म्हणून हा पैसा तिथं नेऊ नका. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही.

३४ हजारांत २,३०,००० एकदम जमत नाहीत, हे मला ठाऊक आहे. आधी ते ८०,००० करा. मी दोन दिवाळ्यांचे बोनस आणि एक भिशी त्यात घातली. पुढचे एफडीचे तुकडे व्हायला तीन वर्षं लागली. वर्षभराचा खर्च ठेवायला सांगणारेही चुकीचे नाहीत, पण ते स्वतःचे माग असलेल्यांसाठी किंवा कमिशनवर जगणाऱ्यांसाठी. पगारदाराने सहा महिन्यांच्या पुढचा पैसा मुलांच्या नावाने गुंतवलेला बरा.

आमच्या घरी बायको दर महिन्याला त्या कार्डाने पाचशे रुपये काढते. पहिल्यांदा गेली तेव्हा मशीनपुढूनच तिचा फोन आला, "पिन चुकीचा दाखवतंय ओ." तो पिन मीच तिला चुकीचा लिहून दिला होता.